फोडा आणि जोडा

शिक्षकांच्या खोलीत आठ उत्तरपत्रिका टेबलावर पसरल्या आहेत. हजेरी क्रमांक असे: ३८, १२, ४५, ७, २९, ३, ५१, २०. त्या क्रमाने लावायच्या आहेत. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९४५ मध्ये मांडलेली ‘मर्ज सॉर्ट’ ही रीत सांगते, आधी गठ्ठा फोडा. आठाचे चार-चार, चाराचे दोन-दोन, दोनाचे एक-एक. एकट्या कागदाचा क्रम चुकूच शकत नाही, म्हणून फोडणं तिथे थांबतं.

खरं काम जोडताना होतं. शेजारच्या दोन गठ्ठ्यांचे वरचे कागद पाहायचे, लहान क्रमांकाचा उचलून बाजूला ठेवायचा, की पुन्हा वरचे दोन पाहायचे. १२-३८ आणि ७-४५ हे गठ्ठे घ्या. १२ आणि ७ मध्ये ७ उचलला, १२ आणि ४५ मध्ये १२, ३८ आणि ४५ मध्ये ३८. उरलेला ४५ न पाहताच खाली गेला. तीन तुलनांत चार कागद लागले. मागे वळून शोधावं लागलं नाही, कारण दोन्ही गठ्ठे आधीच क्रमाने होते.

```
३८ १२ ४५ ७ २९ ३ ५१ २०
३८ १२ ४५ ७ | २९ ३ ५१ २०
३८ १२ | ४५ ७ | २९ ३ | ५१ २०
३८|१२|४५|७|२९|३|५१|२०
-- जोडणी --
१२ ३८ | ७ ४५ | ३ २९ | २० ५१
७ १२ ३८ ४५ | ३ २० २९ ५१
३ ७ १२ २० २९ ३८ ४५ ५१
```

पातळ्या मोजताना बहुतेकांची गफलत होते. फोडणीच्या ओळी चार दिसतात, म्हणून काम ‘आठ गुणिले चार’ असं मांडलं जातं. पण हाताची चार बोटं असली तरी मधल्या फटी तीनच, आणि जोडणी त्या फटींमध्ये होते. सुट्या कागदांच्या ओळीत जोडायला काहीच नसतं. म्हणून ओळी न मोजता निम्मं करण्याच्या पायऱ्या मोजाव्यात: ८ चे ४, ४ चे २, २ चा १. पायऱ्या तीन.

आपल्या गठ्ठ्यात पहिल्या जोडणीला चार तुलना लागल्या, दुसरीला सहा, तिसरीला सात. एकूण सतरा. प्रत्येक कागद दुसऱ्या प्रत्येकाशी ताडला असता, तर अठ्ठावीस लागल्या असत्या.

संख्या सम भागांत फुटत नसेल, तर नेहमी मोठ्या भागाच्या मागे जायचं. १० चे ५, ५ चे ३, ३ चे २, २ चा १. म्हणजे चार पायऱ्या. हजार कागदांना दहा लागतात, दहा लाखांना वीस. दर पायरीला तुलना कागदांच्या संख्येपेक्षा कमीच भरतात, म्हणून हजार कागद दहा हजारांहून कमी तुलनांत लागतात.

मात्र जोडलेले कागद ठेवायला टेबलावर वेगळी जागा हवी. नेहमीच्या मर्ज सॉर्टमध्ये संगणकालाही मूळ यादीएवढी जादा जागा लागते. वेळ वाचतो, त्याची किंमत ही.