दुपारी तीनला जाणारं नेट

फर्निचरवाल्याला राउटर आवडत नाही. टीव्ही युनिटचं ड्रॉइंग निघतं, सनमायक्याची शेड ठरते आणि वायरींचं जंजाळ दिसू नये म्हणून राउटर, फायबरची जोडणी जिथे येते तो डबा, सेट-टॉप बॉक्स आणि एक्स्टेंशन बोर्ड अशी सगळी वरात खालच्या कप्प्यात जाते. वर दार लागतं. पहिला हिवाळा मजेत जातो आणि मार्च-एप्रिलपासून घरात एक वाक्य ऐकू यायला लागतं : ‘नेट परत गेलं.’

ते पूर्ण जातही नाही, हीच खरी अडचण. फोनवर वाय-फायच्या सगळ्या दांड्या भरलेल्या दिसतात, पण व्हिडिओ अडकतो, समोरच्याचा आवाज तुटतो. दहा मिनिटांनी आपोआप सुरळीत होतं. तक्रार करावी तर नेटवाला दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला येतो, दार उघडतो, राउटर बंद-चालू करतो आणि मोबाइलवर स्पीड दाखवून निघून जातो. त्याचंही चुकत नाही. तो आला तेव्हा दार उघडं होतं आणि राउटर नुकताच गार झाला होता.

घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात एक ओळ बारीक अक्षरांत असते : चालण्याचं तापमान ० ते ४० अंश सेल्सिअस. हे ४० अंश राउटरच्या भोवतालच्या हवेचे, म्हणजे बंद कप्प्यातल्या हवेचे. राउटर आणि फायबरचा डबा मिळून साधारण १०-१५ वॉट वीज खातात. सेट-टॉप बॉक्स रिमोटनं बंद केला तरी पुष्कळदा गरमच राहतो. असे वीसेक वॉट रात्रंदिवस चार फळ्यांच्या आत उष्णतेच्या रूपात सोडले जातात आणि हवा बाहेर जायला वाट नसते. प्लायवूड उष्णता अडवतं, ती बाहेर काढत नाही. विदर्भात मे महिन्यात बाहेरचा पारा ४४-४५ वर असताना कूलर नसलेल्या खोलीतच ३७-३८ अंश असतात. त्यावर कप्प्याचे दहा-बारा अंश चढले की पन्नाशी आलीच.

गरम झाल्यावर राउटर लगेच बंद पडत नाही. अनेक राउटरमधल्या चिपा तापल्या की स्वतःचा वेग किंवा वाय-फायची ताकद कमी करतात. वाय-फायचा सिग्नल बाहेर फेकणारा अँप्लिफायर तापला की सिग्नलचा नेमकेपणा कमी होतो, फोनला काही तुकडे नीट वाचता येत नाहीत आणि ते पुन्हा पाठवावे लागतात. मग फोन आणि राउटर सावधपणे खालच्या वेगावर येतात. दांड्या सिग्नल किती जोरात येतोय ते सांगतात, तो किती स्वच्छ आहे हे सांगत नाहीत. म्हणून दांड्या पूर्ण आणि काम अर्धं.

नागपुरातल्या एका ओळखीच्या घरी हेच झालं. वहिनी घरून काम करतात आणि दुपारी तीनच्या सुमाराला त्यांचा कॉल हमखास तुटायचा. तक्रारी करून झाल्या, ‘वहिनी, लाइन ओके आहे, तुमचा लॅपटॉप पाहून घ्या’ हे उत्तरही मिळून झालं. शेवटी त्यांनी स्वतःच शोध घ्यायचं ठरवलं. पहिलं काम : दोष घराच्या आत आहे की बाहेर, ते वेगळं करणं. त्यासाठी विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्यांत या दोन आज्ञा एकेक करून द्यायच्या आणि त्रास सुरू होईपर्यंत चालू ठेवायच्या :

```
ping -t 192.168.1.1
ping -t 8.8.8.8
```

पहिला पत्ता घरातल्या राउटरचा (काहींकडे तो `192.168.0.1` असतो, राउटरच्या खालच्या लेबलवर छापलेला सापडतो), दुसरा बाहेरच्या जगातला. पहिल्याचं उत्तर एरवी काही मिलिसेकंदांत येतं. ते नीट येत असेल आणि फक्त दुसरा अडखळत असेल, तर दोष राउटरच्या पुढे, लाइनवर किंवा कंपनीकडे. रात्री नऊ ते अकरा सगळ्या बिल्डिंगचं नेट मंदावतं, ते या प्रकारातलं. त्यासाठी कपाट फोडण्यात अर्थ नाही. वहिनींकडे मात्र तीन वाजता पहिलीच खिडकी बिघडली. तीन-चार मिलिसेकंदांच्या जागी तीनशे, चारशे, मधूनच `Request timed out`. लॅपटॉप आणि राउटर यांच्यात दहा फुटांचं अंतर होतं आणि तेवढ्यात हे घडत होतं.

दुसरं काम राउटरच्या पानावर. ब्राउझरमध्ये तोच पत्ता टाकून लॉगिन केलं की स्टेटसच्या पानावर `Uptime` असं काहीतरी दिसतं, म्हणजे राउटर किती वेळ सलग चालू आहे. फायबरच्या डब्याच्या पानावर बहुधा आणखी दोन उपयोगी आकडे असतात : आतल्या लेझर भागाचं तापमान आणि `Rx Power`, म्हणजे काचेच्या तारेतून येणारा प्रकाश किती. हा प्रकाश उणे २७ डीबीएमच्या खाली गेला तर नेटवाल्याला बोलवावं. वहिनींचा आकडा सकाळ-दुपार उणे २१ च्या आसपास स्थिर होता, म्हणजे तार निर्दोष. तापमान मात्र सकाळी ५४ आणि दुपारी ७१. कप्प्यात साधा भिंतीवरचा थर्मामीटर ठेवला तर त्यानं ४९ दाखवलं.

दार दोन दिवस सताड उघडं ठेवलं, मध्ये दुसरं काहीच बदललं नाही. दुपारचा मंदपणा गेला. इथे बहुतेक लोक थांबतात. पण वहिनींच्या घरी संध्याकाळी टीव्हीवर सिनेमा, मुलाचा गेम आणि त्यांचा कॉल असं एकदम सुरू झालं की नेट अजूनही मिनिटभर पूर्ण जायचं. `Uptime` पाहिला तर जेमतेम चाळीस मिनिटं. वीज गेली नव्हती, कुणी बटण दाबलं नव्हतं. राउटर आपणहून बंद होऊन पुन्हा चालू झाला होता. अति तापूनही असं होऊ शकतं, पण आता दार उघडं होतं आणि हवा गार. संशय अडॅप्टरवर गेला.

अडॅप्टर ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत दुर्लक्षित वस्तू. बोर्डात खोचलेली काळी डबी, तिला कोण विचारतो? तिच्या आत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर नावाचे छोटे नळकांडे असतात. त्यांत द्रव असतो आणि तो उष्णतेनं हळूहळू सुकतो. कपॅसिटरवर आयुष्य लिहिलेलं असतं ते असं : १०५ अंशांवर २००० तास. अंगठेनियम असा की तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. आता हिशेब करून पाहा. आत ६५ अंश असतील तर चार वेळा दुप्पट, म्हणजे ३२,००० तास. राउटर वर्षाचे ८,७६० तास चालतो, तेव्हा साडेतीन वर्षांहून थोडं जास्त. बंद कप्प्यात तीच डबी ७५ अंशांवर राहिली तर १६,००० तास, पावणेदोन वर्षं. ज्या उष्णतेनं राउटरला दुपारी मंद केलं, तिनंच अडॅप्टरचं निम्मं आयुष्य गिळलं होतं.

सुकलेला अडॅप्टर पूर्ण मरत नाही. राउटर निवांत असताना तो १२ व्होल्ट देतो. पण राउटरनं एकाएकी जास्त करंट मागितला की व्होल्टेज खाली बसतं, त्यात चढउतार येतात आणि राउटरची चिप गोंधळून नव्यानं सुरू होते. म्हणूनच मल्टिमीटर इथे फसवतो. पिन राउटरमधून काढून मोजली तर मीटर ऐटीत १२.२ दाखवतो. वहिनींकडे सीसीटीव्हीची कामं करणारा मुलगा आला होता. त्याच्याजवळ स्क्रूवाल्या हिरव्या डीसी पिनांची जोडी होती, कॅमेऱ्याच्या वायरीला लावतात ती. त्यानं ती अडॅप्टर आणि राउटर यांच्यामध्ये जोडली आणि उघड्या स्क्रूंवर मीटरच्या दांड्या टेकवल्या. राउटर चालू असताना ११.६. तीन फोनवर एकदम व्हिडिओ लावले तर १०.४, आणि आकडा एका जागी ठरेना. मुलगा म्हणाला, ‘ताई, हा गेला.’

हे सामान घरोघरी असायचं कारण नाही. दुसरा अडॅप्टर लावून पाहणं हीच सर्वांत सोपी परीक्षा. मात्र लेबल वाचून. व्होल्ट तेवढेच हवेत : १२ ला १२, ९ ला ९. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. १.५ च्या जागी २ लावला म्हणून राउटर जळत नाही, तो लागेल तेवढाच करंट घेतो. पिनेच्या खुणेत मधला ठिपका बेरीज की वजाबाकी तेही जुळलं पाहिजे. आणि पिन. बाहेरून ५.५ मिलिमीटरच्याच दिसणाऱ्या पिनांचं आतलं भोक २.१ किंवा २.५ मिलिमीटर असतं. २.१ च्या जॅकमध्ये २.५ ची पिन सहज जाते, पण सैल बसते, आणि कपाटाचं दार जोरात लागलं तरी नेट जातं. दुकानात दीडशे रुपयांत मिळणाऱ्या हलक्याफुल्क्या डबीवर २ अँपिअर छापलेलं असलं तरी ते छापणाऱ्याचं मत समजावं. बीआयएसची खूण आणि `R-` ने सुरू होणारा आठ अंकी क्रमांक लेबलवर आहे का, एवढं तरी पाहून घ्यावं.

धुळीचा वाटा यात स्वतंत्र नाही, ती उष्णतेची मदतनीस आहे. राउटरच्या पोटाला आणि पाठीला जाळ्या असतात. खालून गार हवा शिरते, वरून गरम निघते, आतमध्ये पंखा नसतो. या जाळ्यांवर कापसासारखा थर बसला की हा प्रवाह थांबतो. कप्पा स्वयंपाकघराला लागून असेल तर फोडणीच्या वाफेनं हा थर चिकट होतो आणि पावसाळ्यात ओल धरतो. शिवाय राउटरखाली रुमाल अंथरायची आपल्याकडे फार हौस. वरून क्रोशाचं कव्हर घातलेला राउटरही मी पाहिला आहे, दिसत छान होता. साफसफाई सोपी : वीज बंद, वायरी काढलेल्या, रंगाऱ्याचा एक इंची कोरडा ब्रश जाळ्यांवर आणि जॅकच्या तोंडाशी फिरवायचा. ओलं फडकं नाही, स्प्रे नाही, आणि नेटवाल्याच्या मालकीचा डबा उघडायचा नाही.

कपाट काढून टाकायला कुणी सांगत नाही. वहिनींनी सुताराला बोलावून मागच्या फळीत वायरीसाठी पाडतात तशी ६० मिलिमीटरची भोकं पाडून घेतली, दोन अगदी तळाशी आणि दोन वरच्या कडेला. नुसती वरची पाडली तर फायदा फारसा होत नाही, आत येणाऱ्या हवेलाही वाट लागते. युनिट भिंतीपासून चार बोटं पुढे सरकवलं. सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर बसलेला राउटर उचलून उभा ठेवला आणि अडॅप्टर कप्प्याबाहेरच्या सॉकेटमध्ये गेला. या हलवाहलवीत फायबरची पिवळी वायर मात्र चहाच्या बशीपेक्षा लहान वळणात वळवू नये, नाहीतर `Rx Power` खाली येतो आणि बरा झालेला रोगी नव्या दुखण्यानं पडतो. पुढच्या दुपारी थर्मामीटर ४१ वर होता, डब्याचं तापमान ६१.

वीज गेल्यावर नेट चालू राहावं म्हणून लावलेला राउटरचा छोटा यूपीएसही अशाच कप्प्यात कोंबलेला असतो. त्यातल्या लिथियमच्या सेलना उष्णता अडॅप्टरहून जास्त सोसत नाही. फुगलेला दिसला तर तो दुरुस्त करायच्या भानगडीत न पडता काढून टाकावा, आणि राउटर काही दिवस थेट अडॅप्टरवर चालवून पाहावा. वहिनींच्या कप्प्यात तोही निघाला, एका बाजूनं पोट सुटलेला. तो ई-कचऱ्यात गेला.