सहाशे डॉलरचा अल्बम आणि त्यानंतर

१९८०च्या दशकात अमेरिकेतल्या कॉलेजांच्या रेडिओवर विद्यार्थीच रेकॉर्ड निवडत. जाहिरातदारांचा धाक नसल्याने व्यावसायिक स्टेशनांनी नाकारलेली गाणी तिथे वाजत. जॉर्जियाचा ‘आर.ई.एम.’ याच वाटेने पुढे आला.

सिअ‍ॅटलच्या ‘सब पॉप’ या छोट्या कंपनीने १९८९ मध्ये ‘निर्वाणा’चा ‘ब्लीच’ काढला. ध्वनिमुद्रणाचा खर्च जेमतेम सहाशे डॉलर! पण छोट्या कंपनीकडे देशभर माल पोचवण्याची ताकद नव्हती. आधीच ‘गेफेन’कडे गेलेल्या ‘सॉनिक यूथ’ने निर्वाणाची शिफारस केली आणि पुढचा अल्बम, ‘नेव्हरमाइंड’, सप्टेंबर १९९१ मध्ये तिथूनच आला.

गेफेनची अपेक्षा माफक होती. अमेरिकेत सुरुवातीला पन्नास हजारांहूनही कमी प्रती गेल्या. ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ हे गाणे कॉलेज रेडिओपुरतेच, असा हिशेब होता. एमटीव्हीने तो उधळला. जानेवारी १९९२ मध्ये या अल्बमने मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला अव्वल स्थानावरून खाली खेचले.

मग बड्या कंपन्या सिअ‍ॅटलमध्ये करारपत्रे घेऊन फिरू लागल्या. गंमत म्हणजे, करारानुसार नेव्हरमाइंडच्या विक्रीतला वाटा मिळाल्याने कर्जात बुडालेली सब पॉपही तरली.