चित्र एकच, कॅमेरा हलता

पावसाळ्यातल्या कोकणाचं सपाट रंगांतलं चित्र आहे. पुढे छत्री घेतलेली बाई, मागे कौलारू घर, त्यामागे डोंगर आणि ढग. रीलमध्ये कॅमेरा हळूच बाजूला सरकल्यासारखा वाटायला हवा. त्यासाठी याच मापाचं दुसरं, फक्त करड्या छटांचं चित्र करावं लागतं. त्यात जवळचं पांढरं आणि लांबचं काळं. यालाच डेप्थ मॅप म्हणतात.

मिडास किंवा डेप्थ एनीथिंग ही मॉडेल्स असा नकाशा आपोआप बनवतात. पण त्यांना खोली ओळखायला फोटोंसारखी छाया आणि पोत लागतो. सपाट रंगांत तो नसतो, त्यामुळे ढगाची जाड काळी रेघसुद्धा कधी घरापुढे येऊन बसते. म्हणून अशा चित्राचा नकाशा हातानेच रंगवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आकार मोजकेच असतात, फार वेळ जात नाही.

डोंगर आणि ढग जवळजवळ काळे, घर मधल्या करड्या रंगाचं. जमीन मात्र एका रंगाची नको: खालच्या कडेला पांढरी आणि घराच्या पायथ्याशी येईपर्यंत मधल्या करड्यावर उतरलेली. बाईची पावलं जमिनीवर जिथे टेकतात, तिथली छटाच तिच्या सगळ्या अंगाला आणि छत्रीला द्यायची. ती चुकली की बाई चालत्या पट्ट्यावर उभी असल्यासारखी जमिनीवरून घसरते.

आफ्टर इफेक्ट्समधला ‘डिस्प्लेसमेंट मॅप’ हा इफेक्ट मूळ चित्राला लावून त्याला हा नकाशा द्यायचा. तिथे मधला करडा रंग जागच्या जागी राहतो, पांढरं एका बाजूला आणि काळं विरुद्ध बाजूला सरकतं. म्हणजे घर स्थिर, आणि बाई व डोंगर उलट दिशांना. १०८० पिक्सेल रुंदीच्या रीलला आडवी हालचाल १५ पिक्सेलपर्यंत ठेवावी. उणे १५ पासून सुरुवात, ३ सेकंदांनी अधिक १५, ६ सेकंदांनी पुन्हा उणे १५, आणि दोन्ही टोकांना वेग मंदावलेला. रील पुन्हा सुरू होताना सांधा दिसत नाही, कारण तिथे हालचाल थांबलेलीच असते. कडेला रिकामी पट्टी उघडी पडू नये म्हणून सगळं चित्र १०४ टक्के मोठं करावं.

खरी परीक्षा बाह्यरेषेची. बाई सरकली की तिच्यामागचं जे कधी काढलंच नव्हतं ते दिसायला हवं. ते नसल्यामुळे शेजारचे पिक्सेल रबरासारखे ताणले जातात. हालचालीच्या टोकाच्या फ्रेमवर थांबून छत्रीची कड मोठी करून पाहा. रेघ फाटलेली किंवा दुहेरी दिसली, तर नकाशातला बाईचा आकार सगळीकडून हालचालीएवढा फुगवा. मग रेघेबरोबर थोडं आकाशही सरकतं, पण ते एकरंगी असेल तर कळत नाही. छत्रीमागे कौलांच्या ओळी असतील तर मात्र त्या वाकतात. तिथे नकाशाचा इलाज संपतो. बाईला वेगळ्या थरावर काढून तिच्यामागची कौलं रंगवून घ्यावी लागतात.