धाप लागू लागल्यावर बिडी सोडण्याचा हिशोब

जिना चढताना धाप लागू लागली की बहुतेक माणसं आधी वयाला दोष देतात, मग वाढलेल्या पोटाला. डॉक्टरांनी बिडी-सिगारेट बंद करायला सांगितलं की ठरलेलं उत्तर येतं, ‘पस्तीस वर्षं ओढली, फुप्फुसं गेली ती गेली. आता सोडून काय मिळणार?’ हा प्रश्न प्रामाणिक आहे, आणि त्याला उपदेशाऐवजी हिशोबानेच उत्तर द्यायला हवं.

लोक ज्याला सरसकट ‘दमा’ म्हणतात, तो दीर्घकाळ धूम्रपान करणाऱ्यांत बऱ्याचदा दमा नसतो. तो असतो सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट विकार. दम्यात नळ्या आवळतात आणि औषधाने पुष्कळशा मोकळ्या होतात. सीओपीडीत धुराने नळ्यांच्या भिंती सुजून जाड झालेल्या असतात, आत कफ साठलेला असतो आणि हवेच्या बारीक पिशव्यांच्या भिंती फाटलेल्या असतात. या पिशव्यांची लवचीकताच बारीक नळ्यांना बाहेरून ताणून उघडी ठेवते. ती गेली की श्वास सोडताना नळ्या मिटतात.

म्हणून रोग्याला वाटतं की हवा आत जात नाही, पण खरी अडचण ती बाहेर पडत नाही ही असते. जुनी हवा पूर्ण निघण्याआधीच पुढचा श्वास घ्यावा लागतो. अर्धी भरलेली घागर नळाखाली धरावी, तसं नव्या हवेला जागाच उरत नाही. स्वस्थ बसलं असताना हे निभावतं. चालू लागलं की श्वासांची गती वाढते, प्रत्येक श्वास सोडायला मिळणारा वेळ कमी होतो आणि आत कोंडलेली हवा पावलागणिक वाढत जाते. छाती फुगलेली राहते, तिच्या तळाचा श्वासपटल चपटा होतो आणि त्याला जोर लावता येत नाही. माणूस थांबतो, गुडघ्यांवर हात टेकून पुढे वाकतो आणि दोन-तीन मिनिटांत पुन्हा चालू लागतो. ही पद्धत ओळखू आली, तर तपासणीला जाण्याची वेळ झाली आहे.

ती तपासणी म्हणजे स्पायरोमेट्री. छातीचा एक्स-रे साफ आला म्हणून सीओपीडी नाही असं ठरत नाही. स्पायरोमेट्रीत पूर्ण श्वास भरून नळीत जोराने फुंकायचं आणि छाती रिकामी होईपर्यंत फुंकत राहायचं. मग नळ्या मोकळ्या करणारं औषध देऊन काही मिनिटांनी तेच पुन्हा करतात. एकूण फुंकलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात किती बाहेर पडली, हे पाहायचं असतं. औषधानंतरही ते प्रमाण ७० टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वाट अडलेली आहे.

एक उदाहरण घेऊ. ५८ वर्षांचे एक रिक्षाचालक, पस्तीस वर्षांपासून बिडी ओढणारे. त्यांनी एकूण २.८ लिटर हवा फुंकली, पण पहिल्या सेकंदात दीडच लिटर. म्हणजे जवळपास ५४ टक्के. त्यांच्या वयाच्या आणि उंचीच्या निरोगी माणसाने पहिल्या सेकंदात सुमारे अडीच लिटर फुंकली असती. गेलेला एक लिटर परत येणार नाही, कारण फाटलेल्या पिशव्या पुन्हा तयार होत नाहीत. इथवर काकांचं म्हणणं बरोबर आहे.

पुढचा हिशोब मात्र त्यांच्या हातात आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या ‘लंग हेल्थ स्टडी’ या अभ्यासात सौम्य ते मध्यम सीओपीडी असलेल्या ५,८८७ धूम्रपान करणाऱ्यांना सामील करून घेतलं होतं. अकरा वर्षांनंतर पाहिलं, तर ओढतच राहिलेल्या पुरुषांची पहिल्या सेकंदातली हवा दर वर्षी सरासरी ६६ मिलिलिटरने घटत होती. सोडून टिकलेल्यांची ३० मिलिलिटरने, म्हणजे वयोमानाने कधीही न ओढणाऱ्यांची घटते साधारण तेवढीच. स्त्रियांमध्येही असाच फरक दिसला.

हे आकडे काकांना ढोबळमानाने लावून पाहू. ओढत राहिले तर दहा वर्षांत ६६० मिलिलिटर जातील आणि ६८व्या वर्षी हाती ८४० उरतील. आज सोडली तर ३०० जातील आणि १,२०० उरतील. एका लिटरच्या खाली गेल्यावर अनेकांना आंघोळ करताना, कपडे घालतानाही धाप लागते. थोडक्यात, ३६० मिलिलिटरचा हा फरक भाजी आणायला स्वतः जाण्याचा किंवा न जाण्याचा असू शकतो. प्रत्येकाचा वेग वेगळा असतो आणि आजार फार पुढे गेलेला असेल तर सोडल्यावरही काही प्रमाणात घट चालू राहते. पण बिडी चालू ठेवून ती घट रोखणारं औषध नाही. इनहेलर नळ्या थोड्या मोकळ्या करतो, धाप कमी करतो, धुराची भरपाई करत नाही.

काही गोष्टी लवकर बदलतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो, तो दोनेक दिवसांत निघून जातो. खोकला आणि कफ पुढच्या काही महिन्यांत कमी होतात. मात्र त्याआधी काहींचा खोकला थोडे दिवस वाढतो, आणि ‘बिडी सोडली आणि बाधलं’ म्हणून माणूस पुन्हा पेटवतो. सकाळी पोट साफ होत नाही, चिडचिड होते, झोप उडते. हा निकोटिन तुटल्याचा त्रास आहे. पहिल्या आठवड्यात तो सर्वाधिक असतो आणि बहुतेकांचा तीन-चार आठवड्यांत ओसरतो.

तो काळ निव्वळ मनाच्या जोरावर काढायची गरज नाही. निकोटिनची गोळी, म्हणजे गम, मिळते, पण ती पान चघळल्यासारखी चघळली की रस पोटात जातो, उचकी लागते, जळजळ होते आणि तलफ तशीच राहते. चार-पाचदा हळू चावायची, जिभेवर चुणचुण जाणवली की गालात दाबून ठेवायची, ती गेली की पुन्हा चावायची, असं अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं आणि गोळी तोंडात असेपर्यंत चहा घेऊ नये, कारण चहाने निकोटिन नीट शोषलं जात नाही. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली बिडी लागत असेल, तर सौम्य गोळी पुरत नाही. डॉक्टर जास्त मात्रेची गोळी किंवा व्हॅरेनिक्लिनसारखं औषध सुचवू शकतात. तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन १८००-११२-३५६ या क्रमांकावर आहे.

धाप आवरण्याची एक युक्ती त्याच दिवशी शिकता येते. नाकाने दोन मोजत श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून चार मोजत सावकाश सोडायचा. ओठांपाशी अडथळा आला की आतला दाब टिकतो, नळ्या लवकर मिटत नाहीत आणि कोंडलेली हवा बाहेर पडते. जिन्यावर पाऊल उचलताना श्वास सोडावा. धाप लागते म्हणून चालणंच बंद केलं, तर पायांचे स्नायू खंगतात आणि थोड्या चालण्यानेही धाप लागू लागते. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज थोडं चालत राहणं हा उपचाराचाच भाग आहे.

राहिला प्रश्न पुन्हा ओढू लागणाऱ्यांचा. बंडलाऐवजी पाच बिड्यांवर आल्याने फुप्फुसांना तेवढ्या प्रमाणात फायदा होईल, असं धरून चालू नये, कारण मोजक्या बिड्या माणूस जास्त खोल ओढतो. पण सोडून पुन्हा ओढू लागलेल्यांची, पुन्हा सोडण्याचा प्रयत्न करणाऱ्यांची घट सतत ओढणाऱ्यांपेक्षा कमी असल्याचं त्याच अभ्यासात आढळलं. धुराविना गेलेले महिने वाया जात नाहीत. लग्नात कुणीतरी दिलेली एक बिडी ओढली गेली, तर सगळं संपलं असं समजून बंडल आणू नये. दुसऱ्या दिवशी सकाळपासून पुन्हा बंद करावी आणि कोणत्या वेळी हात वळला, ते डॉक्टरांना सांगावं. मात्रा वाढवायची की औषध बदलायचं, हे त्यावरच ठरतं.