आलेखाचा कडा आणि डंकनची खुर्ची

१८ जून २०१३, मायामी. एनबीए अंतिम मालिकेतला सहावा सामना. सॅन अँटोनियो स्पर्स ३-२ ने पुढे होते आणि सामन्याची २८.२ सेकंदं उरली असताना धावफलकावर त्यांचे ९४, मायामी हीटचे ८९ गुण होते. त्या क्षणी जिंकण्याच्या शक्यतेचा आलेख स्पर्सच्या बाजूने पंचाण्णव टक्क्यांच्याही वर होता. मैदानाभोवती करंडक-समारंभाचे दोर लागायला सुरुवात झाली होती.

हा आलेख जुन्या सामन्यांच्या नोंदींवरून काढतात. गुणांचा फरक एवढा, वेळ एवढी, चेंडू अमुक संघाकडे, अशा स्थितीतून पूर्वी किती संघ जिंकले, हे तो सांगतो. अनेक आलेखांत सामन्यापूर्वीचं दोन्ही संघांचं बळही धरलेलं असतं. मध्यंतरापूर्वी सलग आठ गुण गेले तरी रेघ थोडीच झुकते, शेवटच्या मिनिटात मात्र एकाच बास्केटने ती कड्यावरून कोसळल्यासारखी खाली येते. प्रेक्षकांना वाटतं, खेळाचा जोर फिरला. बऱ्याचदा तसं काही नसतं, भरपाई करायला वेळ उरलेला नसतो इतकंच.

प्रशिक्षकाच्या दृष्टीने आलेखाची उंची फारशी कामाची नाही. ९५ असो वा ६०, ती आता बदलता येत नाही. त्याला पाहायच्या असतात पुढे फुटणाऱ्या दोन वाटा: हा खेळाडू आत ठेवला तर आकडा कुठे जाईल, आणि बाहेर काढला तर कुठे. स्पर्सचे प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांच्यापुढे त्या रात्री नेमका हाच प्रश्न होता.

लेब्रॉन जेम्सने थ्री-पॉइंटर मारून फरक दोनवर आणला. कवाय लेनर्डने दोनपैकी एक फ्री थ्रो घातला, ९५-९२. उरले १९.४ सेकंद, चेंडू मायामीकडे. बरोबरीसाठी त्यांना तीनच गुण हवे होते. पोपोविचनी टिम डंकनला बाकावर बसवलं. त्या सामन्यात डंकनचे ३० गुण आणि १७ रिबाउंड होते, पण तो उंच, जड खेळाडू. कमानीबाहेर चपळ नेमबाजांमागे धावणं त्याचं काम नव्हे. जेम्सचा फटका चुकला, डंकन नसलेल्या जागेत ख्रिस बॉशने रिबाउंड पकडला, कोपऱ्यात मागे सरकलेल्या रे ॲलनला चेंडू दिला आणि ५.२ सेकंद उरले असताना बरोबरी झाली. जादा वेळेत मायामी १०३-१०० ने जिंकले, पुढे मालिकाही.

तेव्हापासून हा निर्णय चुकीचा ठरवला जातो. सोपे, गृहीत धरलेले आकडे घेऊन पाहू. पहिला थ्री-पॉइंटर पडण्याची शक्यता एक तृतीयांश. तो चुकला तर डंकनशिवाय हल्ला करणाऱ्या संघाला रिबाउंड मिळण्याची शक्यता एक चतुर्थांश, आणि पुन्हा फटका पडण्याची एक तृतीयांश. दोन्ही मिळून बरोबरीचा धोका ३९ टक्के होतो. त्यातले सुमारे निम्मेच पराभव, कारण जादा वेळ उरते. आता डंकन आत आहे असं समजा, म्हणजे मायामीच्या रिबाउंडची शक्यता २५ वरून १५ टक्के. या फायद्यावर पाणी पडायला पहिल्या फटक्याची शक्यता ३३ वरून फक्त ३६ टक्के व्हावी लागते. मोकळा नेमबाज त्याहून सहज जास्त चांगला असतो. पहिल्या फटक्याचं वजन पुढच्या रिबाउंडपेक्षा किती मोठं आहे, हे इथे दिसतं. माझ्या मते पोपोविचचा हिशेब समर्थनीय होता, आणि ॲलनच्या फटक्यामुळे तो मागाहून चुकीचा ठरत नाही. एक गोष्ट मात्र मी पुन्हा तपासली असती. वरच्या हिशेबात दुसरा नेमबाज एक तृतीयांशाचा धरला आहे, तर ॲलन कारकिर्दीत चाळीस टक्क्यांचा होता. तो आकडा घातला की दुसऱ्या फटक्याचा धोका वाढतो आणि डंकनचं पारडं थोडं जड होतं.

आलेखाची मर्यादा इथेच आहे. मैदानावर कोण आहे, कोणाचे पाच फाउल झालेत, कोण दमलंय, हे त्या रेघेला बहुधा कळत नाही.

टाइमआउटचंही तसंच. रेघ खाली येऊ लागली की प्रशिक्षकाचा हात आपोआप वर जातो, पण किती टाइमआउट शिल्लक आहेत हेही साधा आलेख बहुधा धरत नाही. एनबीएमध्ये २०१७-१८ पासून संघाला सामन्यात सात टाइमआउट मिळतात आणि अखेरच्या तीन मिनिटांत त्यातले दोनच वापरता येतात. शेवटच्या दोन मिनिटांत समोरच्या संघाने गुण केल्यावर टाइमआउट घेतला, तर चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या भागातून सुरू करता येतो. दोन गुणांनी मागे आणि चार सेकंद बाकी असताना संपूर्ण मैदान पार करायचं की बास्केटजवळून नीट आखलेली चाल खेळायची, हा फरक मोठा आहे. तिसऱ्या सत्रातल्या किरकोळ उतारावर तो टाइमआउट खर्च करणं म्हणूनच महाग पडतं.

उलट, मागे असलेल्या संघाने चेंडू हिसकावून घेतला आणि समोरचा बचाव विस्कळित असेल, तर टाइमआउट खिशात असूनही न घेणं बरं. खेळ थांबला की बचाव सावरतो, आणि समोरच्या प्रशिक्षकालाही त्याच फुरसतीत जड खेळाडू काढून चपळ खेळाडू आत पाठवता येतो.