क्षयरोगासारखा, पण क्षयरोग नव्हे

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात बोरी अरब हे गाव आहे. येथील एखाद्या प्रौढ गृहस्थास क्षयरोग होऊन गेलेला आहे आणि काही वर्षांनी पुन्हा खोकला, बेडका व वजनात घट सुरू झाली, असे समजा. सूक्ष्मदर्शकाखाली थुंकीत जंतू दिसतात. सीबीनॅट यंत्रावरील तपासणीत मात्र क्षयाचा जंतू सापडत नाही. अशा वेळी क्षयेतर मायकोबॅक्टेरियाची शंका घ्यावी लागते. रंगपद्धतीत हे जंतू क्षयाच्या जंतूंसारखेच दिसतात, म्हणून ही गल्लत होते.

हे जंतू माती व पाण्यात असतात. जुन्या क्षयाने व्रण पडलेल्या फुप्फुसात ते सहज ठाण मांडतात. नळाच्या पाण्यातूनही ते नमुन्यात शिरू शकतात. त्यामुळे नमुना देण्यापूर्वी त्या पाण्याने चूळ भरू नये. निदानासाठी लक्षणे व छातीच्या चित्रातील बदल यांच्या जोडीला वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या थुंकीच्या किमान दोन नमुन्यांत, संवर्धनानंतर, तोच जंतू वाढलेला दिसावा लागतो.

यांतील एव्हियम गटाच्या जंतूवर अ‍ॅझिथ्रोमायसिन, रिफॅम्पिसिन व इथॅम्ब्युटॉल ही तीन औषधे एकत्र दिली जातात. क्षयावरील आयसोनियाझिड व पायराझिनामाइड यांचा येथे फारसा उपयोग होत नाही. उपचाराचा कणा अ‍ॅझिथ्रोमायसिन होय. परंतु ते एकटेच घेतल्यास जंतू त्याला दाद देईनासा होतो आणि मग उपचार फार अवघड होतो. उरलेली दोन औषधे त्याला हे संरक्षण देतात.

उपचाराची मुदत दिनदर्शिकेवरून नव्हे, तर थुंकीवरून ठरते. दर एक-दोन महिन्यांनी नमुना संवर्धनास पाठवितात. अहवालास सहा ते आठ आठवडे लागू शकतात. निदान चार आठवड्यांच्या अंतराने घेतलेले तीन नमुने लागोपाठ जंतुरहित आले, की त्यांतील पहिल्याच्या तारखेपासून थुंकी शुद्ध झाली असे मानतात. तेथून पुढे बारा महिने औषधे चालू ठेवावयाची असतात.

वरील गृहस्थाचा उपचार जानेवारीत सुरू झाला, मार्चपर्यंतच्या नमुन्यांत जंतू आढळले आणि एप्रिल, मे व जूनचे नमुने शुद्ध आले, तर गणना एप्रिलपासून होईल. औषधे पुढील वर्षाच्या एप्रिलपर्यंत, म्हणजे एकूण सुमारे पंधरा महिने चालतील. खोकला मे महिन्यातच थांबला म्हणून त्यांनी औषधे सोडली, तर रोग उलटण्याचा धोका राहतो. सहा महिन्यांनंतरही जंतू वाढतच असतील, तर औषधे नियमित घेतली जातात काय हे पाहून जंतूची औषधसंवेदनशीलता तपासावी लागते.

इथॅम्ब्युटॉलमुळे लाल-हिरवा रंग ओळखण्यात अडचण आली किंवा दृष्टी अंधुक झाली, तर ते तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे जावे. ऐकू कमी येणे, कावीळ यांचीही सूचना लगेच द्यावी. रिफॅम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते. त्यात भय नाही. एव्हियम गटाचा हा रोग सहसा माणसाकडून माणसास होत नाही, त्यामुळे रुग्णाचे ताट-अंथरूण वेगळे करण्याचे कारण नाही.