शनिवारच्या बैठकीची वही आणि वर्षाचा प्रगती अहवाल



आपल्या गोंदिया जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी या भागात गावागणिक जुना मालगुजारी तलाव आहे. माजी मालगुजारी, म्हणून बोलण्यात ‘मामा तलाव’. या तलावांवर कुठे ना कुठे अभ्यास चालू असतो. कधी महाविद्यालयाचा छोटा संशोधन प्रकल्प असतो, कधी शाळेतल्या मुलांचा. अशाच एका गटात मी दोन वर्षं होतो. एक प्राध्यापक, दोन विद्यार्थी, एक प्रकल्प सहायक, गावच्या मच्छीमार संस्थेतल्या एक ताई आणि मी. दर शनिवारी दुपारी चार वाजता बैठक. काम चांगलं झालं. पण वर्षाअखेर निधी देणाऱ्या संस्थेला प्रगती अहवाल द्यायचा होता, तेव्हा आमची वही उघडली आणि आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो.

त्या वहीतून अहवाल कसा काढला, आणि काढताना कुठे चुकणार होतो, तेच आज लिहितो. आकडे समजावण्यापुरते सोपे करून घेतले आहेत.

आधी काम काय होतं ते थोडक्यात. तीन तलाव होते, त्यांना अ, ब, क म्हणू. मंजुरीपत्रात तीन उद्दिष्टं होती. पहिलं, दर महिन्याला तिन्ही तलावांचं पाणी तपासणे. दुसरं, ब तलावातली बेशरम काढून तिथे स्थानिक पाणवनस्पती लावणे आणि त्या जगतात का ते पाहणे. तिसरं, मच्छीमार संस्थेच्या नोंदींवरून मासळी किती मिळते ते मांडणे. बेशरम सगळ्यांना माहीतच आहे. काठाने माजते, गाळ धरते, आणि ती असली की खालची झाडं उठत नाहीत.

आता आमच्या वहीतली नोव्हेंबरमधली एक नोंद जशीच्या तशी:

“शनिवार. सगळे हजर. ब चा ऑक्सिजन छान आला. बस चुकली. थायो संपत आलं, बघणे. ताई म्हणाल्या सकाळी मासे वर येतात. पुढच्या वेळी डोंगा लागेल.”

लिहिताना सगळं कळत होतं. दहा महिन्यांनी मात्र ‘छान’ म्हणजे किती, ‘बघणे’ कोणी, डोंग्याचं पुढे काय झालं, काहीच सांगता येईना. तरी ही नोंद आमच्याकडच्या चांगल्या नोंदींपैकी एक निघाली. का, ते पुढे येईल.

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन आम्ही जुन्या विंकलर पद्धतीने मोजायचो. बाटली बुडबुडा न राहू देता भरायची, तलावावरच त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कलाईन आयोडाइड घालायचं. तपकिरी साका खाली बसतो. मग प्रयोगशाळेत आणून आम्ल घालायचं आणि सोडियम थायोसल्फेटने टायट्रेशन करायचं. ‘थायो’ म्हणजे तेच. ऑक्टोबरमध्ये ब तलावाचं मोजमाप लिटरला ५.१ मिलिग्रॅम होतं, नोव्हेंबरमध्ये ८.९. मधल्या काळात आम्ही तिथली बेशरम काढून झाडं लावली होती. अहवालाच्या पहिल्या कच्च्या मसुद्यात आमच्या विद्यार्थ्याने सरळ लिहिलं होतं की लागवडीनंतर पाण्यातला ऑक्सिजन लक्षणीय वाढला. वाचायला किती बरं वाटतं!

अडवलं ते ‘बस चुकली’ या दोन शब्दांनी. आमची वेळ सकाळी सात ते साडेआठ ठरलेली होती. त्या दिवशी बस चुकली, म्हणजे तलावावर पोचलो दुपारी दीडच्या सुमारास. पाण्यातल्या वनस्पती आणि शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतात, रात्री मात्र सगळेच तो वापरतात. त्यामुळे एकाच तलावात पहाटे ऑक्सिजन सगळ्यात कमी आणि दुपारनंतर सगळ्यात जास्त असतो. आमचा ८.९ हा दुपारचा आकडा होता. खात्री करायला आम्ही पुन्हा ब तलावावर गेलो आणि एकाच दिवशी दोनदा मोजलं. सकाळी सातला ४.८, दुपारी दोनला ९.१. लागवडीचा परिणाम म्हणून जे लिहिणार होतो, तो निव्वळ घड्याळाचा परिणाम होता.

आणि ताईंचं वाक्य बघा. सकाळी मासे वर येतात, म्हणजे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतात. खाली ऑक्सिजन कमी पडला की मासे असं करतात. आम्ही ते गप्पा म्हणून लिहून ठेवलं होतं. खरं तर पहाटेच्या पाण्याचं त्या दिवसाचं सगळ्यात नेमकं निरीक्षण तेच होतं. ते आमच्या उपकरणाने नव्हे, ताईंच्या डोळ्यांनी टिपलं. अहवालात ते मच्छीमार सदस्याचं निरीक्षण म्हणून गेलं, ताईंना विचारून.

यानंतर आम्ही वही लिहिण्याची पद्धत बदलली. फार मोठं काही नाही. बैठकीत चार प्रश्नांची उत्तरं वाक्यात लिहायची. काय मोजलं किंवा पाहिलं (आकडा, ठिकाण आणि वेळ यांसकट), काय ठरलं आणि का, कोण कधीपर्यंत करणार, आणि काय अडलं. ‘का’ हा शब्द सगळ्यात जास्त सुटतो. ‘क तलावाचा नमुना पुलाखालून घ्यायचं ठरलं’ असं लिहून ठेवलं तर सहा महिन्यांनी कोणी विचारेल, आधी काठावरून घेत होता ना? ‘काठाला गुरं बसतात, पाणी गढूळ होतं म्हणून’ एवढं जोडलं की प्रश्न मिटतो. नोंद लिहिणारा दर महिन्याला बदलायचा आणि उठण्याआधी ती मोठ्याने वाचायची. पुढच्या शनिवारी पहिलं काम म्हणजे मागच्या ‘कोण करणार’ची विचारपूस. झालं नसेल तर ‘झालं नाही’ असंच लिहायचं, खोडायचं नाही.

पण या नोंदी म्हणजे अहवाल नव्हे. नवख्यांची चूक इथेच होते. ते बावन्न आठवड्यांच्या नोंदी एकाखाली एक टाईप करतात आणि त्याला प्रगती म्हणतात. वाचणाऱ्या तज्ज्ञाला शनिवारांशी देणंघेणं नसतं. मंजूर केलेल्या उद्दिष्टांचं काय झालं, एवढंच त्याला बघायचं असतं. म्हणून मधे एक पायरी लागते. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्ही वहीतल्या चार-पाच कामाच्या ओळी एका वेगळ्या तक्त्यात उतरवायचो. उद्दिष्ट क्रमांक, तारीख, काय झालं, आणि पुरावा कुठे आहे. पुरावा म्हणजे क्षेत्र-डायरीचं पान, फोटोचा क्रमांक किंवा बिल. ज्या ओळीला उद्दिष्ट क्रमांक देता येत नाही ती तक्त्यात येत नाही. आणि एखाद्या उद्दिष्टासमोर तीन महिने एकही ओळ आली नाही, तर ते उद्दिष्ट मागे पडलंय हे अहवालाची वाट न बघता कळतं. आमचं तिसरं उद्दिष्ट असंच रिकामं दिसलं. मासळीच्या नोंदी संस्थेच्या जुन्या वह्यांमध्ये किलोत नव्हत्या, टोपल्यांत होत्या. टोपलीचं वजन करून बघायला माणूस तेव्हा पाठवला.

वर्ष संपलं तेव्हा पहिल्या उद्दिष्टाचा परिच्छेद तक्त्यावरून तासाभरात तयार झाला. तीन तलाव, बारा महिने, म्हणजे ३६ मोजमापं ठरली होती. ३३ झाली. त्यांतली २७ ठरलेल्या सकाळच्या वेळेतली, म्हणून तलावांची आपसात तुलना फक्त त्यांच्यावर केली. ६ उशिराची, ती वेगळ्या तक्त्यात वेळेसकट दिली. ३ झालीच नाहीत. दोन वेळा जुलैच्या पावसात रस्ता बंद होता, एकदा थायो संपलं होतं. आमच्या विद्यार्थ्याला भीती होती की ३६ पैकी २७ म्हटल्यावर हे कमी काम दिसेल. प्राध्यापकांनी एवढंच विचारलं, “तज्ज्ञाने मूळ डायरी मागितली तर काय दाखवशील?” आकडे तसेच गेले.

आता पैशाबद्दल, कारण पुढचा हप्ता त्यावरच अडतो. आमचा प्रकल्प सप्टेंबरमध्ये सुरू झाला, म्हणजे कामाचं वर्ष सप्टेंबर ते ऑगस्ट. खर्चाचा हिशेब मात्र आर्थिक वर्षाने, ३१ मार्चला तोडून द्यावा लागतो. सरकारी अनुदान असेल तर त्यासोबत विनियोग प्रमाणपत्र असतं. संस्थांना मिळालेल्या केंद्राच्या अनुदानासाठी त्याचा नमुना GFR 12-A. त्यामुळे कामाच्या अहवालात बारा महिने आणि पहिल्या हिशेबात सात महिने, असा मेळ न बसणारा कागद तयार होतो. नवीन माणूस घाबरून आकडे जुळवायला बसतो. जुळवायचं नसतं. दोन्हींचा कालावधी स्पष्ट लिहायचा असतो. वहीतली खरेदीची ओळ इथे कामाला येते, कारण कोणतं बिल कोणत्या आठवड्याच्या कामाचं हे तिच्यावरून कळतं.

डोंग्याचंही तसंच. मंजूर रकमेत उपकरणं, उपभोग्य वस्तू, प्रवास, मानधन अशी शीर्षं असतात. डोंग्याचं भाडं आमच्याकडे कुठेच बसत नव्हतं. एका शीर्षाचा पैसा दुसऱ्याकडे वळवायचा तर बहुतेक ठिकाणी आधी परवानगी घ्यावी लागते. ‘डोंगा लागेल’ ही ओळ लिहिली त्याच आठवड्यात पत्र गेलं असतं तर सोपं होतं. आम्ही चार महिन्यांनी पाठवलं. तोवरचं भाडं गटाने आपापल्या खिशातून भरलं, आणि ते परत मिळालं नाही.

शेवटचा मोह सगळ्यांनाच होतो. नोंदी राहिल्या आहेत, एका रात्रीत बसून सगळे शनिवार लिहून काढू. कृपा करून करू नका. ते ओळखू येतं. एकच पेन, एकच वळण, कुठेही खाडाखोड नाही, आणि एखादी बैठक नेमकी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी! ज्या आठवड्याचं बिल आहे त्या बैठकीत खरेदीचा उल्लेख नसतो, किंवा वस्तू येण्याआधीच ती वापरलेली असते. राहिलेली नोंद आठवून लिहायची असेल तर आजची तारीख टाकून ‘मागाहून लिहिली’ असं वर लिहावं. चुकलेला शब्द एका रेघेने खोडावा, खालचा वाचता येईल असा, आणि शेजारी सही करावी. पांढरी शाई नको.

पालकांसाठी एक वेगळी गोष्ट. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेच्या प्रकल्पासोबत मुलांना नोंदवही द्यावी लागते. घरोघरी ती सादरीकरणाच्या आदल्या रात्री आई सुंदर अक्षरात उतरवून देते. पावसात भिजलेली, शाई फुटलेली मूळ वहीच द्या. आमच्या एका विद्यार्थिनीच्या वहीवर चिखलाचा ठसा होता. परीक्षकांनी त्याच पानावर बोट ठेवून विचारलं, “इथे काय झालं होतं?” आणि ती पाच मिनिटं न अडखळता सांगत होती.

दुसऱ्या वर्षी आमच्या क्षेत्र-डायरीत पहिला रकाना वेळेचा होता. ताईंनी मासे किती वाजता वर येतात तेही त्यातच लिहायला सुरुवात केली.